नवं पर्व, लवकरच

स्टुडिओत नवीन लागलेल्या माणसाला कुणी म्हणालं, "जा, अक्कांच्या खोलीत डोकावून ये," की त्याला वाटायचं, कपडे वाळले का ते बघायला पाठवतायत. तसं नसायचं हो. मालिकेच्या पर्वाचं शूटिंग संपलं, सेटवरचे दिवे विझले, की सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न: परत येणार की नाही आपण? चॅनेल एक सांगायचं, मॅनेजर दुसरं, आणि पेपरात छापून यायचं तिसरंच. मग जी माणसं शहाणी होती ती बटण तुटल्याचं निमित्त काढून कपड्यांच्या खोलीत जायची आणि अक्कांनी कपडे कसे ठेवलेत ते बघून यायची.

अक्कांच्या ठेवण्याच्या तीन तऱ्हा होत्या. कपडे हँगरवर, वर जुन्या चादरीची खोळ, खोळीला चिठ्ठी, असं दिसलं की समजायचं, पुढचं पर्व पक्कं, काळजी नको. पुठ्ठ्याच्या खोक्यात घडी घालून डांबराच्या गोळ्या टाकलेल्या दिसल्या, तर अजून काही कळलेलं नाही, देवाचं नाव घ्या. आणि जमिनीवर गाठोडी दिसली, तर खेळ खल्लास. गाठोडी जुन्या कपड्यांच्या दुकानात जायची. ती बघून बाहेर आलेला माणूस तडक कँटीनमध्ये जाऊन चहा मागवायचा आणि दुसऱ्या कामासाठी फोन लावायला बसायचा.

बाई दिसायला अगदी साधी. ठेंगणी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, डाव्या मनगटाला टाचण्या खोचायची छोटी गादी बांधलेली. दहाजणींत उभी केली तर शोधून सापडायची नाही. एकोणीस वर्षं ती मालिकांच्या कपड्यांचं खातं सांभाळत होती. कुठल्या प्रसंगात कुणाच्या शर्टाची कितवी गुंडी उघडी होती हे तिला तोंडपाठ. त्यासाठी प्रत्येक प्रसंगाआधी ती माणसाचे समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी फोटो काढायची, कारण मालिकेत दाराबाहेरचा प्रसंग आज घेतात आणि दाराआतला बावीस दिवसांनी. मधल्या काळात माणसाचा मफलर उजवीकडून डावीकडे गेला की घरबसल्या बघणारे ओरडतात. आणि बरोबरच आहे त्यांचं. एवढं डोळ्यात तेल घालून बघणाऱ्यांना आपण फसवायचं कशाला?

आता हा ठेवण्याचा नियम अक्कांनी पोथीतून नाही घेतला. ठेच लागली तेव्हा शिकल्या.

पहिली ठेच सोळा वर्षांपूर्वीची. एक मालिका होती सहा भागांची. जाहिरातीत ठळक लिहिलेलं, "मर्यादित मालिका." म्हणजे गोष्ट सहा भागांत सुरू, सहात संपणार, पुढचं पर्व नाही. अक्का तेव्हा नव्या, छापलेल्या शब्दावर विश्वास. शूटिंग संपल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळं गाठोड्यात घातलं, नायिकेचा हिरवा कोटसुद्धा. आणि मग मालिका लोकांना इतकी आवडली की चॅनेलनं त्या मर्यादेलाच कुंपणाबाहेर काढलं! दुसरं पर्व आलं. बरं, लेखक तरी भला माणूस असावा की नाही? त्यानं दुसरं पर्व सुरू केलं ते पहिलं संपलं त्याच मिनिटाला. नायिका रस्त्यात उभी, तोच वारा, तोच दिवा, तोच हिरवा कोट. आणि कोट कुठे? कोण जाणे कुठल्या गावात कुठल्या बाईच्या अंगावर!

अक्कांनी कापड आणलं, तीनदा रंगवलं, रात्रीचा दिवस करून कोट शिवला. रंग हुबेहूब जमला. पण जुन्या कोटाच्या गुंड्यांना दोन भोकं होती, नव्या गुंड्यांना चार. अकरा प्रेक्षकांनी पत्रं पाठवली. तेव्हापासून जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो, शेवटच्या प्रसंगातले कपडे त्या सगळ्यात शेवटी हलवू लागल्या. "मर्यादित" हा शब्द गोष्ट लिहिणाऱ्यानं लिहिलाय की तो नुसता जाहिरातवाल्यांचा आहे, हे आधी विचारायचं, असं त्या म्हणायच्या.

दुसरी ठेच जास्त लागली, कारण ती दुसऱ्याला लागली. एका मालिकेच्या शेवटच्या भागानंतर पडद्यावर अक्षरं आली, "आम्ही लवकरच परत येतोय." अक्कांनी मेकअपवालीला ठामपणे सांगितलं, "येणार गं, तू हलू नकोस." मेकअपवाली हलली नाही. तिनं चांगल्या सिनेमाचं काम सोडलं आणि आठ महिने घरी बसली. मालिका काही आली नाही. ती अक्षरं चॅनेलच्या प्रसिद्धी खात्यानं निर्णय व्हायच्या आधीच टाकली होती, प्रेक्षक पांगू नयेत म्हणून. तारीख नव्हती, भागांचा आकडा नव्हता, कुणाचं नाव नव्हतं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात! मेकअपवाली वर्षभर अक्कांशी बोलली नाही. नंतर दोघींचं गूळपीठ जमलं, पण अक्कांनी कानाला खडा लावला. कुणी काहीही विचारो, तोंडानं हो नाही की नाही नाही. कपडे ठेवायचे, बस. ज्याला बघायचंय त्यानं बघावं.

आणि मनाशी तीन प्रश्न पक्के केले. घोषणा कुठलीही असो: किती भाग? कधीपासून? लिहून कोणी दिलंय? या तीनची उत्तरं मिळाली तर हँगर. एक जरी अडकलं तर खोकं.

घरी त्यांचा नवरा, बस चालवून निवृत्त झालेला, स्वभावानं खट्याळ. तो म्हणायचा, "सगळ्या गावाचे कागद वाचतेस, तुला एकोणीस वर्षांत कुणी चिठोरं तरी दिलंय का?" खरंच होतं ते. नटांचे करार असतात, लेखकाचा असतो. कपड्यांच्या बाईला मॅनेजरचा फोन यायचा, "अक्का, सोमवारपासून या," की अक्का सोमवारी हजर. फोन नाही आला, की समजायचं. "माझं काय," अक्का म्हणायच्या, "सुई-दोरा कुठेही चालतो." नवरा मग जास्त बोलायचा नाही, कारण चहा अजून व्हायचा असायचा.

तर आता त्या वर्षीची गोष्ट. मालिका होती एका गल्लीतल्या माणसांची, चौथं पर्व. त्यात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याचं काम करणारे नट होते, त्यांना सेटबाहेरही सगळे घड्याळदादाच म्हणायचे. वय त्रेसष्ट. चाळीस वर्षं त्यांनी नायकाचा काका, नायिकेचा शेजारी, मेलेल्याचा भाऊ अशीच कामं केली. कधी आवाज चढवला नाही, कधी संवाद विसरले नाहीत. कपडे काढले की स्वतः घडी घालून अक्कांच्या हातात द्यायचे. असा एकच नट अक्कांना आयुष्यात भेटला होता, बाकीचे पँटी जमिनीवर सोडून त्यातून उड्या मारून बाहेर पडणारे.

चौथ्या पर्वाचे बारा भाग शूट झाले. सहा दाखवून झाले आणि चॅनेलनं मध्ये थांबा घेतला. उरलेले सहा पुढे कधीतरी येतील एवढंच सगळ्यांना ठाऊक. अक्कांनी सगळं खोक्यात घातलं, गोळ्या टाकल्या.

आणि महिन्याच्या अठरा तारखेला चॅनेलची घोषणा झाली: "पर्व पाचवं. लवकरच!" सोबत वीस सेकंदांची चित्रफीत. काय तो आनंद! दिवेवाल्यांनी पेढे, चुकलो, जिलेबी, काहीतरी गोड वाटलं, कँटीनवाल्यानं चहा फुकट दिला, मॅनेजर सगळ्यांच्या पाठीवर थापा मारत फिरला. "बघा, म्हटलं नव्हतं? चौथ्याचे राहिलेले सहा येणार, त्यावर पाचवं पर्व! दीड वर्ष बघायला नको!" स्टुडिओत दुसऱ्याच मालिकेचं काम चालू होतं, पण अर्धी माणसं तीच, त्यामुळे आनंदाला जागा कमी पडली नाही. चार जणं अक्कांच्या खोलीत डोकावून गेली. खोकी तशीच होती.

"अक्का, आता तरी काढा ती बाहेर!" मेकअपवाली म्हणाली.

"काढते की. घाई काय आहे?" अक्का म्हणाल्या, आणि ताकास तूर लागू दिली नाही.

तेवीस तारखेला, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, घड्याळदादा आले. हातात टोपी. दारातच उभे राहून त्यांनी खोक्यांकडे बघितलं, मग हँगरच्या रिकाम्या दांड्याकडे.

"तुम्ही अजून खोक्यातच ठेवलंय," ते म्हणाले.

"बसा दादा. स्टूल सरकवा तिकडे."

ते बसले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एका नाटक कंपनीनं त्यांना बोलावलं होतं. नवं नाटक, वर्षभराचा दौरा, आणि काम मुख्य. बाप. पहिल्या प्रवेशापासून शेवटच्यापर्यंत रंगमंचावर. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. शुक्रवारी दुपारपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं, नाहीतर दुसरा नट तयार होता. त्यांनी ते नाटक वाचलं होतं, दोनदा, आणि दुसऱ्यांदा वाचताना मोठ्यानं.

"मग अडलंय कुठे?"

"अडलंय पाचव्या पर्वात. दौरा आणि शूटिंग एकदम जमायचं नाही. आणि मॅनेजर म्हणतो, दादा, कुठे जाऊ नका, तुमच्याशिवाय गल्ली कसली. घरी ही म्हणते, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका. मी ठरवलंच होतं नाही म्हणायचं. म्हटलं, शेवटचं एकदा तुमची खोली बघून येऊ. हँगर दिसले असते तर तिथूनच फोन केला असता, नाही म्हणून."

अक्कांनी चष्मा काढून पदराला पुसला. कानाला लावलेला खडा टोचत होता. मेकअपवालीचे आठ महिने त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. इथे आठ महिने नव्हते. समोर एका माणसाचं आयुष्यातलं एकुलतं एक मोठं काम होतं, आणि चुकीचं बोललं तर ते आपल्या जिभेनं जाणार होतं. न बोललं तरी जाणारच होतं, ही आणखी पंचाईत.

"तुमच्या करारात मुदत होती ना?" त्यांनी विचारलं. "पुढच्या पर्वाला तुम्ही हवे असाल तर कंपनीनं अमुक तारखेच्या आत लेखी कळवायचं, तोवर तुम्ही दुसरं मोठं काम घ्यायचं नाही, अशी?"

"होती. पंधरा तारीख."

"आज तेवीस. पत्र आलं?"

"नाही. पण मॅनेजर म्हणाला, ते काय नुसतं कागदोपत्री."

"वा! म्हणजे बांधून ठेवायचं कागदानं आणि थांबवून ठेवायचं तोंडानं," अक्का फणकारल्या. "ती चित्रफीत आहे तुमच्याकडे? लावा बघू."

दादांनी फोन काढला. वीस सेकंद. गल्ली, पाऊलवाट, नायिका दार लावते, दादा पाठमोरे उभे राहून भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देतात, अक्षरं येतात. संपलं.

"परत लावा. आणि तुम्ही पाठमोरे आहात तिथे थांबवा."

थांबवलं. तपकिरी स्वेटर, वर उचललेला उजवा हात. अक्कांनी फोन नाकापर्यंत नेला. दोन बोटांनी चित्र मोठं केलं. मग उठून तिसरं खोकं उघडलं, डांबराच्या गोळ्या बाजूला केल्या आणि तोच स्वेटर काढून दादांच्या मांडीवर ठेवला, उजवं कोपर वर करून. कोपरावर रुपयाएवढी रफूची जागा होती. अक्कांकडे नेमका तो तपकिरी धागा संपला होता म्हणून एका छटेनं गडद धागा वापरलेला. नुसत्या डोळ्यांना दिसायचा नाही. ज्यानं सुई चालवली त्याला दिसायचा.

"हे भोक कधी पडलं आठवतं?"

दादांनी आठवलं. "शिडीवरून उतरताना खिळ्याला अडकलं होतं. बाजाराच्या प्रसंगात."

"नवव्या भागात," अक्का म्हणाल्या. "माझ्याकडे फोटो आहे तारखेसकट. त्याआधीच्या भागांतलं तुमचं काम तोवर उरकलं होतं, म्हणजे चित्रफितीतला हा तुकडा नवव्याच्या नंतरचा. दाखवलेत किती? सहा. म्हणजे अजून न दाखवलेल्या भागांतला हा तुकडा आहे, आणि त्याच्यावर लिहिलंय काय? पर्व पाचवं. आता मला सांगा, पाचवं पर्व अजून शूटच झालं नसेल तर त्याच्या जाहिरातीत हे तुकडे कशाला उधळतील?"

दादांनी फोन पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

"आता चॅनेलच्या ॲपमध्ये जा. चौथं पर्व उघडा. काय लिहिलंय?"

दादांनी बोटं चालवली. चौथं पर्व. सहा भाग. आणि खाली बारीक अक्षरात, "संपूर्ण."

"सहा भागांत संपूर्ण झालं चौथं," अक्का म्हणाल्या. "मग आपण घाम गाळून केलेले उरलेले सहा गेले कुठे? तेच पाचवं पर्व, दादा. एका पिठाच्या दोन चपात्या केल्यात. नवीन काही केलेलं नाही, नवीन काही सांगितलेलं नाही."

 दादांनी स्वेटरवरची रफू अंगठ्यानं चाचपली.

"म्हणजे मालिका संपली?"

"तसं मी म्हणणार नाही," अक्का लगेच म्हणाल्या. "मी भविष्य सांगणारी नाही. हे सहा भाग लोकांनी उचलून धरले तर उद्या चॅनेल सहावं पर्व मागेलही. तेव्हा तुम्ही दौऱ्यावर असाल आणि तुमच्याशिवाय गल्ली होईल, किंवा घड्याळवाला गावाला गेला असं एका वाक्यात लिहून टाकतील. हे होऊ शकतं. ते मनात धरूनच ठरवा. पण आज, या घडीला, तुम्हाला कुणीही मागितलेलं नाही. एवढंच मला दिसतंय आणि एवढंच मी सांगते. मॅनेजरला माझ्यासमोर फोन लावा आणि तीन गोष्टी विचारा. किती भाग, कधीपासून, लिहून कोणी दिलंय."

दादांनी फोन लावला, आवाज मोठा ठेवला. मॅनेजरचा उत्साह खोलीभर पसरला.

"किती भागांचं आहे हो पाचवं पर्व?"

"अहो दादा, भरपूर!"

"शूटिंग कधीपासून?"

"लवकरच! तारखा येतीलच."

"आणि माझं पत्र?"

 मग मॅनेजरचा आवाज एकदम उतरला. "दादा, खरं सांगू? मलाही कुणी काही लिहून दिलेलं नाही. मीही ती जाहिरातच बघितली. तुम्ही बघितली तशीच."

फोन ठेवल्यावर अक्कांना मॅनेजरची कीवच आली. इतके दिवस त्याला थापाड्या समजत होत्या, आणि तो बिचारा स्वतःलाच थाप मारून बसला होता. त्यानंही एक काम नाकारलं होतं, हे नंतर कळलं.

दादा उठले. स्वेटरची नीट घडी घातली, अक्कांच्या हातात दिली. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "अक्का, मला वाटायचं, तुम्ही कपडे सांभाळता."

"मग काय करते?"

ते हसले. टोपी घातली आणि गेले. शुक्रवारची वाट बघायची त्यांना गरज पडली नाही. त्याच दुपारी त्यांनी नाटकवाल्यांना हो सांगितलं, आणि बायकोशी दोन दिवस अबोला सहन केला.

अक्कांना मात्र त्यानंतर सुखाची झोप नव्हती. लिहून दिलेलं कुणालाच नव्हतं, मग आपण तरी इतकं ठामपणे कसं बोललो? उद्या खरंच चॅनेलनं पत्र धाडलं तर? मालिकेतला म्हातारा एका वाक्यात गावाला गेला तर दादांच्या घरची माणसं कोणाच्या नावानं बोटं मोडतील? नवऱ्यानं विचारलं, "काय झालंय?" तर म्हणाल्या, "पित्त."

पाचवं पर्व सुरू झालं. पहिल्या भागात आपणच दिवे लावलेला प्रसंग दिसला, आणि दिवेवाला कँटीनमध्ये ताडकन उभा राहिला. "अरे, हे तर आपण मागेच केलंय!" एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडत गेला. तिसऱ्या आठवड्यात जाहिरातीवरची अक्षरं बदलली. "लवकरच" गेलं आणि तिथे आलं, "अंतिम पर्व."

लोक हळहळले, पेपरात लेख आले. अक्का तेवढ्या चिडल्या. खऱ्या अंतिम पर्वाबद्दल त्यांना आदर होता. शूटिंगच्या आधी सांगितलं, की हे शेवटचं, तर लेखक प्रत्येक माणसाला नीट दारापर्यंत पोचवतो, नटांना निरोप घेता येतो, दिवेवालासुद्धा शेवटचा दिवा जपून विझवतो. शूटिंग होऊन गेल्यावर मागाहून डकवलेलं "अंतिम" म्हणजे माणूस गाडीत बसून गेल्यावर त्याला हात हलवणं. शेवटच्या भागात घड्याळदादा दुकानाचं शटर अर्धं उघडून कुणाची तरी वाट बघत उभे होते. कुणाची, ते पुढच्या पर्वात कळायचं होतं. ते तसेच उभे राहिले.

मॅनेजरनं खोली रिकामी करायला सांगितलं. अक्कांनी चादरी पसरल्या, अकरा गाठोडी बांधली. तपकिरी स्वेटर हातात आला तेव्हा क्षणभर थांबल्या. मग तोही गाठोड्यात ठेवला. माल कंपनीचा होता, आणि एकाचं ठेवायचं तर सगळ्यांचंच ठेवावं लागेल. मेकअपवाली दारात उभी राहून रडली. अक्का रडल्या नाहीत, त्या गाठ आवळत होत्या. दुसऱ्या मालिकेचं कामही तोवर आटोपलं होतं; पुढच्या सोमवारचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. नवरा पहिल्यांदाच काही चिडवून बोलला नाही, आणि तेच अक्कांना जास्त लागलं.

नाटकाचा पहिला प्रयोग दुपारचा होता. दादांनी दोन पास पाठवले होते. नाट्यगृहाबाहेरच्या फलकावर लिहिलेलं, "मर्यादित प्रयोग." अक्कांनी सवयीनं खाली वाचलं. शहरांची नावं, नाट्यगृहांची नावं, प्रत्येकासमोर तारीख. शेवटच्या ओळीत शेवटची तारीख.

"ही खरी मर्यादा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "थिएटर तेवढेच दिवस घेतलंय, तेवढेच प्रयोग. संपणार कधी ते आधीच सांगितलंय. याला म्हणतात इमानदारी."

"आत चल, नाहीतर पहिला अंक संपेल," नवरा म्हणाला.

दादांनी काय काम केलं म्हणता! चाळीस वर्षं कोपऱ्यात उभा असलेला माणूस मधोमध आला आणि रंगमंच त्याला लहान पडला. दुसऱ्या अंकात बाप मुलीला काही न बोलता नुसता तिचा कोट अंगावर चढवून देतो, तेव्हा शेजारी बसलेला नवरा नाक शिंकरायला लागला. अक्का अभिमानानं फुलल्या होत्या. तरी कोटाचं अस्तर खाली लोंबतंय हे त्यांनी बघितलंच. दोन टाके घातले असते तर झालं असतं, कुणाचं लक्ष कसं नाही?

प्रयोगानंतर त्या आत गेल्या. दादा तोंडावरचा रंग पुसत बसले होते. अक्कांनी वाकून नमस्कार केला, तसे ते धडपडत उठले. "अहो, उलटं करताय तुम्ही!"

"अस्तर लोंबतंय त्या कोटाचं," अक्का म्हणाल्या.

"मला माहीत आहे. कपड्यांचं बघणारी बाई मुलीकडे चाललीय, पुढच्या प्रयोगापासून नाही. म्हणून तुम्हाला आत बोलावलंय." दादांनी आरशामागून एक लिफाफा काढला. "आमच्याबरोबर दौऱ्यावर याल?"

अक्कांनी लिफाफा हातात घेतला नाही. चष्मा नाकावर सरकवला आणि एकोणीस वर्षांच्या सवयीनं तोंड उघडलं, "किती..."

"त्रेपन्न प्रयोग," दादा म्हणाले. "एक तारखेपासून. लिहून मालकांनी दिलंय, खाली सही आहे, आणि वर तुमचं नाव. मी त्यांना म्हटलं, तोंडी विचारू नका, ती बाई यायची नाही."

अक्कांनी लिफाफा फोडला. कागद एकच होता. त्यांनी तो वाचला, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत, आणि मग पुन्हा वर जाऊन आपलं नाव वाचलं. लग्नपत्रिका आणि रेशनकार्ड सोडून त्यांचं पूर्ण नाव असं कुणी छापलं नव्हतं.

"काय गं, काही चूक आहे का?" दारातून नवऱ्यानं विचारलं.

अक्कांनी मान हलवली. डोळे पुसायला पदर शोधत होत्या, तो त्यांच्या हातातच होता. मग कागदाची चार पदरी घडी घातली, ब्लाउजात ठेवली, मनगटावरच्या गादीतून सुई काढली आणि म्हणाल्या, "कोट कुठाय? आणा इकडे."